कंपनीचा विभाग विकला. राजीनामा देऊन नवीन अपॉइंटमेंट घ्या म्हणतात. सही करावी का?

चाकणचा वाटसरू
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचक होतो, आज पहिला धागा काढतोय.

आमच्या कंपनीत दोन विभाग आहेत, कास्टिंग आणि प्लॅस्टिक पार्ट्स. मी प्लॅस्टिकला मोल्डिंग मशीनवर ऑपरेटर आहे. सर्व्हिस ११ वर्षं ७ महिने, बेसिक आणि डीए मिळून २६,०००, सगळं धरून ३४,००० च्या आसपास. प्लॅस्टिक विभाग आता दुसऱ्या एका ग्रुपने विकत घेतलाय. मशीन तीच, शेड तीच, गेटवरची पाटी तेवढी बदलणार.

परवा एचआरने कँटीनमध्ये टेबल मांडून एकेकाला बोलावलं. दोन कागद पुढे ठेवले. पहिला आमच्या नावाने आधीच टाइप केलेला राजीनामा, 'वैयक्तिक कारणास्तव' म्हणून. दुसरा नव्या कंपनीचं अपॉइंटमेंट लेटर. त्यात जॉइनिंग तारीख पुढच्या महिन्याची १, प्रोबेशन सहा महिने, नोटीस पिरियड एकाचा तीन महिने, आणि भारतात कुठेही बदली. पगार तोच. शुक्रवारपर्यंत सही द्या म्हणाले.

बरोबरचे बरेच जण खूश आहेत, कारण ग्रॅच्युइटीचा चेक लगेच मिळणार. युनियन अंतर्गत आहे, पदाधिकारी म्हणतात 'नोकरी टिकतेय ना, मग झालं'. मला काहीतरी खटकतंय पण नेमकं काय ते सांगता येत नाही. कंपनी विकली की आपल्या जुन्या सर्व्हिसचं काय होतं?

रिकामटेकडा
राजीनामा तुमचा आणि टाइप त्यांनी केला? सेवा चांगली आहे कंपनीची.

मंदार_के
घाबरू नका. मी आयटीत आहे, आमची कंपनी तीन वर्षांपूर्वी परदेशी कंपनीने घेतली. कुणाला एक कागदसुद्धा सही करावा लागला नाही. कंपनी कायद्यात आहेच, विलीनीकरण झालं की सगळे कर्मचारी आपोआप नव्या कंपनीकडे जातात, त्याच अटींवर. तुमच्याकडचं लेटर म्हणजे निव्वळ फॉर्मॅलिटी असणार.

पोहेवाली
माझ्याकडे सासऱ्यांच्या नावावर एका विलीन झालेल्या कंपनीचे जुने कागदी शेअर आहेत. त्यांचं काय करायचं? नवीन कंपनीचे शेअर आपोआप मिळतात का?

रिकामटेकडा
पोहेवाली, तुमचा प्रश्न शेअरवाल्या धाग्यावर टाका. इथे माणसं विलीन होतायत.

गोदातीर
वाटसरू, शुक्रवारपर्यंत त्या राजीनाम्यावर सही करू नका. बाकीचं सावकाश सांगतो. मी नाशिक-सिन्नर पट्ट्यात पर्सोनेलमध्ये आयुष्य काढलं, असे कागद स्वतः बनवलेले आहेत.

आधी मंदार यांच्यासाठी. तुमची कंपनी 'घेतली' म्हणजे बहुधा तिचे शेअर दुसऱ्याने विकत घेतले. त्यात तुमचा मालक बदललाच नाही. मालक म्हणजे ती कंपनी, आणि ती आहे तिथेच आहे, फक्त तिच्या भागधारकांची नावं बदलली. म्हणून कुणी कागद पुढे केला नाही. तुम्ही म्हणता ते आपोआप जाणं दुसऱ्या प्रकारात होतं. तिथे दोन कंपन्या एनसीएलटी म्हणजे कंपनी न्यायाधिकरणापुढे विलीनीकरणाची योजना मांडतात, आणि योजनेतच एक परिच्छेद असतो की सर्व कर्मचारी सेवेत खंड न पडता आणि आधीपेक्षा कमी नसलेल्या अटींवर नव्या कंपनीत जातील.

वाटसरूंचा प्रकार यातला कुठलाच नाही. एक कंपनी तिचा एक विभाग दुसऱ्या कंपनीला विकतेय. जुनी कंपनी कास्टिंग घेऊन जिवंत राहणार आणि यांचा मालक खरोखर बदलणार. ओळखायचं सोपं आहे. पगाराच्या स्लिपवरचं कंपनीचं नाव आणि पीएफचा आस्थापना क्रमांक पाहा. शेअर विकले असतील तर दोन्ही तेच राहतात. इथे दोन्ही बदलतील.

अशा विक्रीसाठी औद्योगिक विवाद कायद्यात २५ एफएफ हे कलम होतं. नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा जाऊन औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, पण ही तरतूद तिच्यात जवळपास जशीच्या तशी आली आहे. ती सांगते की उद्योगाची मालकी बदलली, तर वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कपात झाल्यासारखी नोटीस आणि भरपाई जुन्या मालकाने द्यायची. यातून मालकाला सुटका एकाच वाटेने आहे आणि तिथे तीन गोष्टी एकदम पाळाव्या लागतात. सेवेत खंड नको. नव्या अटी आधीपेक्षा जराही वाईट नकोत. आणि उद्या नव्या मालकाने कपात केली तर जुनी सर्व्हिस धरून भरपाई द्यायला तो कायद्याने बांधलेला हवा. यातलं एक जरी सुटलं तरी जुना मालक भरपाई द्यायला लागतो.

आता तुमचे कागद बघा. तारीख नवीन, म्हणजे खंड पडला. प्रोबेशन, तीन महिन्यांची नोटीस, कुठेही बदली, म्हणजे अटी वाईट झाल्या. जुन्या सर्व्हिसचा उल्लेखच नाही. तिन्ही बाबतीत नापास. मग कंपनीने भरपाई द्यायला हवी, बरोबर? ती द्यावी लागू नये म्हणूनच तो राजीनामा आहे. स्वेच्छेने राजीनामा दिला की ती कपातही नाही आणि तुमच्याबाबतीत हस्तांतरणही नाही. जुन्याकडून भरपाई गेली आणि नव्याकडची सलग सेवाही गेली.

चाकणचा वाटसरू
बाप रे. हे कुणीच सांगितलं नाही. भरपाई म्हणजे साधारण किती होते?

गोदातीर
दर वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार. सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून तुमची १२ वर्षं. नव्या संहितेत यासाठी बेसिक आणि डीए धरतात, घरभाडं आणि प्रवासभत्ता नाही. २६,००० चा अर्धा १३,०००, गुणिले १२, झाले १ लाख ५६ हजार. शिवाय एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार २६,०००. एकूण १ लाख ८२ हजारांच्या घरात. ग्रॅच्युइटी याच्या वर, वेगळी. तो चेक दाखवून ही रक्कम झाकलीय तुमच्या एचआरने.

मंदार_के
पण एक मिनिट. नव्या संहितेत १८ हजारांवर पगार असेल तर तो कामगारच धरत नाहीत ना? वाटसरूंचा ३४ हजार आहे. म्हणजे हे कलम लागूच नाही.

गोदातीर
१८,००० ची मर्यादा सुपरवायझरसाठी आहे, आधी ती १०,००० होती. मशीनवर हाताने काम करणाऱ्याला पगाराची मर्यादा नाही. ऑपरेटर ४० हजार घेत असला तरी कामगारच. उलट शिफ्ट सुपरवायझर आणि मॅनेजर यांना हे संरक्षण नाही, त्यांचं अपॉइंटमेंट लेटर हाच त्यांचा कायदा. आणि तुमच्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांना कामगार म्हणायचं की नाही यावर वकील अजून भांडतात. तिथे पदनाम चालत नाही, प्रत्यक्ष काम काय करता ते बघतात.

कुर्डुवाडी जंक्शन
या कलमाची गोष्ट आमच्या गावच्या रेल्वेतून सुरू होते हे किती जणांना माहीत आहे? मी सांगितल्याशिवाय राहणार नाही.

बार्शी लाइट रेल्वे. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी ते लातूर, अडीच फुटी नॅरोगेज. कंपनी खासगी होती. सरकारने १ जानेवारी १९५४ पासून ती ताब्यात घेतली. त्याआधी नोव्हेंबर १९५३ मध्ये कंपनीने सगळ्यांना नोटीस दिली, की ३१ डिसेंबरला तुमची नोकरी संपली, पुढे सरकारी रेल्वे घेईल. बहुतेकांना घेतलंही. पण त्याच वर्षी कपातीच्या भरपाईचा कायदा आला होता. युनियन म्हणाली, कंपनीने आम्हाला काढलं ना, मग भरपाई द्या.

प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. २७ नोव्हेंबर १९५६ ला निकाल आला आणि कामगार हरले. कोर्ट म्हणालं, कपात म्हणजे चालू धंद्यात जास्त झालेली माणसं कमी करणं. इथे धंदाच दुसऱ्याच्या हातात गेला, तेव्हा ही कपात नव्हे आणि भरपाईही नाही. त्यावरून देशभर बोंब झाली. एप्रिल १९५७ मध्ये सरकारने वटहुकूम काढला, मग कायद्यात दुरुस्ती झाली आणि २५ एफएफला हे रूप आलं. लागू केव्हापासून, तर २८ नोव्हेंबर १९५६ पासून, निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून मागे जाऊन. म्हणजे ज्यांनी भांडण केलं त्या बार्शी रेल्वेवाल्यांना काही नाही, आणि त्यांच्यानंतर देशातल्या सगळ्यांना मिळालं.

रिकामटेकडा
जंक्शनकाका, गाडी नेहमीप्रमाणे आडमार्गाने आली पण आली बरोबर प्लॅटफॉर्मवर.

चक्रवाढ
मी थोडं उलट बोलणार आहे, दिवे घ्या.

गोदातीर म्हणतात ते भरपाईबद्दल पटलं. पण ग्रॅच्युइटी आत्ता घेतली की नुकसान होतं असं सगळे गृहीत धरतात, तिथे आकडे मांडून बघू. आत्ता घेतली तर २६,००० × १५ / २६ × १२ = १,८०,०००. समजा वाटसरू आणखी ८ वर्षं ५ महिने राहिले आणि तेव्हा बेसिक डीए ३९,००० झाला. सलग धरली तर ३९,००० × १५ / २६ × २० = ४,५०,०००. तोडून घेतली तर पुढच्या ८ वर्षांचे १,८०,००० आणि आधीचे १,८०,०००, मिळून ३,६०,०००. नव्वद हजारांचा तोटा दिसतो. पण आधीचे १,८०,००० तेवढीच ८ वर्षं ५ महिने ७ टक्क्यांनी ठेवले तर त्यांचे ३ लाख १८ हजारांच्या आसपास होतात. मग एकूण जवळपास ५ लाख. हातात घेतलेलंच बरं!

पोहेवाली
आठ वर्षं ठेवले तर ना. आमच्याकडे चेक आला त्याच महिन्यात बाथरूमच्या टाइल्स बदलल्या.

गोदातीर
चक्रवाढ, हिशोब बरोबर आहे आणि एचआरवालेही तोच सांगतात. पण तुम्ही धरून चाललात की माणूस आठ वर्षं तिथे टिकणार आणि पगारवाढ बेताची राहणार. युनियनचा एखादा करार चांगला झाला आणि बेसिक दुपटीवर गेलं तर गणित उलटतं.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे टिकणं कुणाच्या हातात आहे? नव्या मालकाने दोन वर्षांनी 'ऑर्डर कमी झाल्या' म्हणून माणसं काढली तर काय? नवीन तारखेने भरपाई दोन वर्षांची, आणि त्या दोन वर्षांची ग्रॅच्युइटीही नाही, कारण कायम कामगाराला पाच वर्षं लागतात. सलग सेवेने भरपाई १४ वर्षांची आणि ग्रॅच्युइटीही १४ वर्षांची. शिवाय कपातीत शेवटी आलेला आधी जातो. जॉइनिंग तारीख नवीन झाली की वाटसरू बारा वर्षांचे जुने ऑपरेटर असूनही यादीत तळाला. नव्या मालकाचं आधीपासून एखादं युनिट जवळ असेल आणि तिथली माणसं याच यादीत आली तर हे सगळे त्यांच्या खाली. मी कागद बनवायचो तेव्हा मालकांचा डोळा यावरच असायचा. ग्रॅच्युइटीच्या दीड-दोन लाखांसाठी कुणी एवढा खटाटोप करत नाही.

चक्रवाढ
ज्येष्ठतेचा मुद्दा मान्य. तरी मी म्हणेन, ज्याला दोनेक वर्षांत स्वतःहून सोडायचीच आहे त्याने चेक घ्यावा.

गोदातीर
त्याने राजीनाम्याऐवजी २५ एफएफची भरपाई आणि ग्रॅच्युइटी दोन्ही घेऊन जावं. फुकटचा राजीनामा कशाला?

निवृत्त कॅशियर
बँकांचं वेगळं असतं हे नमूद करतो. युनायटेड वेस्टर्न बँक २००६ साली आयडीबीआयमध्ये गेली, तशी अडचणीतली बँक रिझर्व्ह बँकेच्या योजनेने दुसरीत विलीन होते तेव्हा बँकिंग नियमन कायद्याचं कलम ४५ लागतं. कर्मचारी त्याच पगारावर, त्याच अटींवर नव्या बँकेत जातात. आणि तीन वर्षांच्या आत नव्या बँकेने आपल्या त्या दर्जाच्या माणसाला जे देते ते यांनाही द्यायचं, शिक्षण आणि अनुभव सारखा असेल तर. 'सारखा आहे का' यावर वाद झाला तर रिझर्व्ह बँक सांगेल ते अंतिम.

सगळी मेख त्या 'सारखा'त. माझीही बँक विलीन झाली, कुठली ते नको. पगाराला धक्का लागला नाही, पण ज्येष्ठता यादीत आमची इतकी वर्षं कमी धरली की माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा माझा मॅनेजर झाला. चांगला मुलगा होता, चहा स्वतः आणून द्यायचा. प्रमोशन मात्र त्याचंच झालं. विलीनीकरणात पगार कागदावर सांभाळतात. ज्येष्ठता कुठल्या सूत्राने मोजणार हे आधी विचारायचं असतं आणि ते आम्ही कुणी विचारलं नाही.

अनघा_लेस्टर
इथे इंग्लंडमध्ये याला ट्यूपी म्हणतात, २००६ चे नियम. आमच्या हॉस्पिटलच्या साफसफाईचं कंत्राट एका कंपनीकडून दुसरीकडे गेलं तेव्हा सगळे कामगार सलग सेवेसह आपोआप नव्या कंपनीत गेले. कंत्राट बदललं तरी लागू होतं, हे मला नवल वाटलं होतं. आणि बदलीमुळेच अटी खाली आणल्या तर तो बदल रद्दबातल, कामगाराने सही केली असली तरी! पेन्शन मात्र तशीच्या तशी पुढे जात नाही. आणि नव्या मालकाकडे जायचं नसेल तर तुम्ही नाही म्हणू शकता, पण मग नोकरी संपली आणि हातात भरपाईही नाही. भारतात नाही म्हटलं तर?

गोदातीर
अनघाताई, इथे उलट आहे. आपल्याकडे कामगार मालकाच्या मर्जीने हस्तांतरित होत नाही, त्याची संमती लागते. कोलकात्याच्या सॉल्ट लेकमधला फिलिप्सचा टीव्ही कारखाना व्हिडिओकॉनच्या एका कंपनीला विकला गेला, तेव्हा काही कामगारांनी जायला नकार दिला. सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये सांगितलं की संमतीशिवाय त्यांना दुसऱ्या मालकाच्या हाताखाली ढकलता येणार नाही, जायचं नसेल तर भरपाईचा हक्क आहे. पण 'मी जुन्याकडेच राहणार' हा हक्क त्यातून मिळत नाही. आणि भरपाईही घेतली, वर नव्याकडे जुन्या हक्काने नोकरीही मागितली, असंही चालत नाही. आंध्रातल्या अनकापल्लीच्या साखर कारखान्याच्या प्रकरणात १९६० च्या दशकातच ते ठरलं.

एनसीएलटीच्या योजनेतून होणाऱ्या विलीनीकरणात मात्र जुनी कंपनीच नाहीशी होते, तिथे प्रत्येकाची वेगळी संमती लागते का यावर मी वकिलांना दोन्ही बाजूंनी बोलताना ऐकलंय.

कुर्डुवाडी जंक्शन
अनकापल्ली गुळासाठीही प्रसिद्ध. अवांतर संपलं.

चाकणचा वाटसरू
सगळ्यांचे आभार. काल रात्री आम्ही पंधरा-वीस जण मंदिरात बसलो, धागा मोठ्याने वाचून दाखवला. नक्की काय लिहून मागायचं? एचआर म्हणतात 'सर्व्हिस आम्ही धरू, काळजी नको', पण तोंडी.

गोदातीर
तोंडी 'धरू' सगळेच म्हणतात. राजीनामा आणि नवीन अपॉइंटमेंट या दोन्हींऐवजी बदली पत्र मागा, जुन्या आणि नव्या दोन्ही कंपन्यांच्या सहीचं. मजकूर साधारण असा असावा:

'अमुक तारखेपासून प्लॅस्टिक विभागाची मालकी तमुक कंपनीकडे जात असल्याने आपली सेवाही त्यांच्याकडे वर्ग होत आहे. आपली मूळ नियुक्ती तारीख अमुक हीच ग्रॅच्युइटी, रजा, ज्येष्ठता, कपातीची भरपाई आणि इतर सर्व लाभांसाठी धरली जाईल. सेवेत खंड पडणार नाही. सेवाशर्ती सध्यापेक्षा कोणत्याही प्रकारे कमी लाभदायक असणार नाहीत. भविष्यात कपात झाल्यास पूर्वीची सेवा धरून भरपाई देण्यास तमुक कंपनी बांधील राहील.'

शेवटचं वाक्य गाळायचा प्रयत्न होईल, ते सोडू नका. नुसतं 'सलग सेवा' लिहून चालवून घेतात आणि मग वाद होतो.

मग प्रोबेशन आपोआप जातं, कारण कायम माणसाला पुन्हा प्रोबेशनवर घेणं म्हणजे अट वाईट करणं. शिल्लक रजेचा आकडा पत्राला जोडून घ्या. युनियनचा चालू पगार करार नवी कंपनी पाळणार हेही लिहून घ्या. एकेकट्याने नको, एकच अर्ज, सगळ्यांच्या सह्या, आवक शिक्क्यासह, आणि एक प्रत कामगार आयुक्तांच्या कार्यालयात.

मंदार_के
पीएफचं काय? काढून घ्यावा का या निमित्ताने?

निवृत्त कॅशियर
अजिबात नाही. यूएएन तोच राहतो, फक्त नव्या आस्थापनेखाली नवीन मेंबर आयडी पडतो आणि जुन्यातली रक्कम त्यात वर्ग करायची. दहा वर्षं पूर्ण नसलेल्याने पेन्शनचेही पैसे काढले तर ती सर्व्हिस तुटते, पेन्शनला दहा वर्षांची अट आहे. अडतं कुठे, तर जुनी कंपनी पोर्टलवर सोडल्याची तारीख टाकत नाही. ती टाकल्याशिवाय रक्कम हलत नाही. पहिल्या दोन महिन्यांत पासबुक उघडून बघा.

गोदातीर
आणि जुन्या कंपनीचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट असेल तर जास्त वेळ लागतो, ट्रस्टकडून पत्रक गेलं की नाही ते विचारत राहा. विक्रीआधीची पीएफ थकबाकी असेल तर कायद्याने जुना आणि नवा दोघेही जबाबदार असतात, नव्याची जबाबदारी त्याने घेतलेल्या मालमत्तेच्या किमतीपर्यंत.

चाकणचा वाटसरू
अपडेट. शुक्रवार गेला. ६३ जणांनी एकत्र अर्ज दिला, त्याआधी अकरा जणांनी राजीनाम्यावर सही केली होती. एचआर आधी खूप तापले, मग म्हणाले वकिलांशी बोलतो. आज नवीन ड्राफ्ट आला. मूळ तारीख आहे, सलग सेवा आहे, प्रोबेशन काढलंय. कपातीच्या भरपाईचं वाक्य नाही. नोटीस पिरियड तीन महिनेच, 'ग्रुपची पॉलिसी' म्हणतात. बदली 'भारतात कुठेही'ऐवजी 'ग्रुपच्या महाराष्ट्रातील युनिटमध्ये'. ते अकरा जण आता आमच्या मागे लागलेत की आमचंही बघा.

रिकामटेकडा
'ग्रुपची पॉलिसी' हे वाक्य कुठल्याही ड्राफ्टमध्ये पगारवाढीच्या परिच्छेदात कधी दिसत नाही, लक्षात आलंय का?

गोदातीर
चांगलं हलवलंत. कपातीचं वाक्य आलं पाहिजे, तिथे थांबा. सलग सेवा लिहिली म्हणजे ते आलंच असं त्यांचे वकील म्हणतील. मग लिहायला काय हरकत आहे, असं विचारा. बदलीबाबत तुमचं आत्ताचं लेटर काढा. त्यात 'कंपनीच्या कोणत्याही युनिटमध्ये' असं असेल तर नवीन वाक्य फार वाईट नाही. त्यात चाकणच असेल तर ते तसंच ठेवायला सांगा.

अकरा जणांनी राजीनामा मागे घेत असल्याचं पत्र आजच द्यावं. राजीनामा पुढच्या तारखेपासून लागू होणार असेल आणि ती तारीख उजाडली नसेल तर मागे घेण्याला जागा असते. स्वीकारल्याचं पत्र हातात पडलं असेल तर कठीण, पण तरी देऊन ठेवावं. छापील राजीनामा सगळ्यांना एकाच टेबलावर दिला, ही गोष्टही त्यात लिहावी. ती पुढे उपयोगी पडते.

चक्रवाढ
अकरा जणांना ग्रॅच्युइटीचा चेक मिळाला असेल तर? तो परत करायचा का?

गोदातीर
चेक वटवला नसेल तर वटवू नये. वटवला असेल तर त्याबद्दल वकिलाचाच सल्ला घ्यावा, इथे बसून सांगू नये.

शिफ्ट_बी
मी त्याच शेडमध्ये आहे, पण कंत्राटदाराच्या हजेरीवर. सहा वर्षं झाली. आमच्याकडे कुणी कागद घेऊन आलंच नाही. आम्ही विकलो गेलो की नाही?

गोदातीर
कागदावर नाही. तुमचा मालक कंत्राटदार, आणि त्याचं काही विकलं गेलेलं नाही. नव्या कंपनीने त्याचं कंत्राट पुढे चालू ठेवलं तर तुम्ही तसेच राहता. नाही ठेवलं तर कंत्राटदाराने तुम्हाला दुसरीकडे काम द्यायचं किंवा भरपाई देऊन मोकळं करायचं. प्रत्यक्षात सहा वर्षांत कंत्राटदार किती वेळा बदलला, तेच लोक दर वेळी नव्या नावाने आले का, तुमचं काम कंपनीचे सुपरवायझर बघतात का, हे सगळं महत्त्वाचं ठरतं. पगाराच्या स्लिपा आणि गेट पास जपून ठेवा. वेगळा धागा काढा, तिथे नीट बोलू.

चाकणचा वाटसरू
शिफ्ट_बी, तू जो कुणी आहेस, दुपारी कँटीनला भेट. अर्जात तुमचंही टाकता येतं का ते युनियनला विचारतो. आणि गोदातीर सर, ते कपातीचं वाक्य उद्या सकाळी अकराच्या मीटिंगला नेतोय, तुमचा मजकूर जसाच्या तसा छापून.